सेप्टम १३ मिमी: खेळाडूचं हृदय की आजार?

प्रश्न: वय ३१, पुरुष. आठ वर्षं लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत भाग घेतोय, आठवड्याला बारा-चौदा तास सराव असतो. त्रास काहीच नाही. शर्यतीच्या फॉर्मसाठी ईसीजी काढला तर मशीनने 'सायनस ब्रॅडीकार्डिया, फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक, एलव्हीएच' असं छापलं. इकोत सेप्टम १३ मिमी, डावा कप्पा ५८ मिमी, ईएफ ५२ टक्के. एक डॉक्टर म्हणतात खेळाडूचं हृदय आहे, काळजी नको. दुसरे म्हणतात कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार, असू शकते, सायकल बंद. नक्की काय समजायचं?

उत्तर:

तुम्ही दिलेल्या माहितीत मला सगळ्यांत जास्त हवी असलेली गोष्ट नाही, ती म्हणजे ईसीजीच्या व्ही५ आणि व्ही६ या छातीवरच्या लीडमधल्या टी वेव्ह सरळ आहेत की उलट्या. त्यावर येतोच. पण जे आकडे दिलेत, ते सगळे मिळून खेळाडूच्या हृदयाकडेच बोट दाखवतात. दुसऱ्या डॉक्टरांची शंका चुकीची नाही, कारण १३ मिमी या आकड्यावर प्रत्येक कार्डिओलॉजिस्टने थांबून बघायलाच हवं. फक्त त्या एका आकड्यावर सायकल बंद करणं मला पटत नाही.

आधी मशीनने छापलेल्या तीन ओळी निकालात काढू. मशीनला तुमचं वय आणि लिंग माहीत असतं, तुम्ही आठवड्याला बारा तास सायकल मारता हे माहीत नसतं. त्यामुळे ते सर्वसाधारण माणसाच्या मापाने तुम्हाला मोजतं. वर्षानुवर्षं दमसासाचा व्यायाम केला की विश्रांतीच्या वेळी हृदय मंद करणाऱ्या व्हेगस नर्व्हचा ताबा वाढतो, ठोका सुरू करणाऱ्या सायनस नोडचा स्वतःचा वेगही कमी होतो. नाडी मंदावते आणि वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विद्युत संदेश एव्ही नोडपाशी जरा रेंगाळतो. खेळाडूंच्या ईसीजीसाठी २०१७ साली आंतरराष्ट्रीय निकष ठरले. त्यांत त्रास नसलेल्या खेळाडूची नाडी मिनिटाला ३० पर्यंत आणि पीआर इंटरव्हल, म्हणजे तो संदेश वरून खाली पोचायला लागणारा वेळ, ४०० मिलिसेकंदांपर्यंत असेल, तर केवळ तेवढ्यासाठी पुढच्या तपासण्या नकोत असं म्हटलंय. अधूनमधून एखादा ठोका गळणारा वेंकेबाख प्रकारचा ब्लॉकसुद्धा, विशेषतः झोपेत, याच सदरात मोडतो.

याची खात्री करायला महागडी तपासणी लागत नाही. मी पेशंटला टेबलावरून उठवतो, जागच्या जागी मिनिटभर पळायला लावतो आणि लगेच पुन्हा ईसीजीची पट्टी काढतो. झोपून काढलेल्या पट्टीत पीआर २४० असेल तर पळून झाल्यावर तो १६० च्या आसपास आलेला दिसतो, आणि नाडी पंचेचाळीसवरून शंभराच्या पुढे गेलेली असते. व्हेगसचा जोर ओसरला की ब्लॉकही गेला, म्हणजे तारेत दोष नाही. याउलट श्रम केल्यावर ब्लॉक वाढत असेल, किंवा आधी पीआर न लांबता अचानक ठोके गळत असतील, तर तो व्यायामाचा परिणाम नाही. तो वेगळा आजार आहे आणि त्याचा शोध घ्यायला हवा.

तिसरी ओळ एलव्हीएच, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याचे स्नायू जाड. मशीन हे भिंत मोजून सांगत नाही, छातीवरच्या लीडमध्ये लाटा किती उंच आहेत एवढंच बघून सांगतं. सडपातळ तरुण माणसाच्या छातीवर चरबी कमी असते, इलेक्ट्रोड हृदयाच्या जवळ असतो, लाटा उंच येतात. सराव करणाऱ्या पुरुष खेळाडूंत हे इतकं सर्रास दिसतं की बाकी पट्टी स्वच्छ असेल तर मी त्या ओळीकडे पाहतही नाही. हृदयाची भिंत आजाराने जाड होते ती हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे एचसीएम, झालेल्या बहुतेक पेशंटांची पट्टी बिघडलेली असते हे खरं. पण ती बिघडते टी वेव्ह, एसटी सेगमेंट आणि क्यू वेव्हमध्ये. फक्त उंच लाटा आणि बाकी काहीच नाही, अशी पट्टी या आजारात क्वचितच सापडते.

म्हणून आता घरातली पट्टी काढा आणि टी वेव्ह बघा.

मोठ्या अणकुचीदार लाटेच्या सुरुवातीला खाली जाणारी खाच म्हणजे क्यू वेव्ह, त्या लाटेनंतरचा सपाट तुकडा म्हणजे एसटी सेगमेंट, आणि त्यानंतर येणारा गोलसर उंचवटा म्हणजे टी वेव्ह. व्ही१ मध्ये ती उलटी असणं नेहमीचं, व्ही२ मध्येही चालतं. टेक्निशियनने ते दोन इलेक्ट्रोड चौथ्या फासळीखालच्या जागेऐवजी वर लावले तर या दोन लीडमध्ये टी वेव्ह मुद्दाम उलटवल्यासारखी दिसते, तेव्हा घाबरण्याआधी पट्टी नीट जागा मोजून पुन्हा काढावी. सोळा वर्षांखालच्या मुलांत व्ही३ पर्यंत उलट्या टी वेव्ह चालतात. आफ्रिकन वंशाच्या खेळाडूंत व्ही४ पर्यंतही चालतात, पण तिथे एक अट आहे: उलट्या लाटेच्या आधी एसटी सेगमेंट घुमटासारखा वर उचललेला असला पाहिजे. त्यापलीकडे सूट नाही. प्रौढ खेळाडूच्या व्ही५ किंवा व्ही६ मध्ये टी वेव्ह एक मिमी किंवा त्याहून खोल उलटी असेल, तर ती सरावाने आलेली नाही असंच धरून चालायचं, मग खेळाडू कुठल्याही वंशाचा असो, कितीही पदकं मिळवलेला असो. बाकीच्या ठिकाणी दोन शेजारच्या लीडमध्ये बदल दिसावा लागतो, व्ही५-व्ही६ च्या बाबतीत एकच पुरतो. एसटी सेगमेंट अर्धा मिमी जरी खाली बसलेला असला, क्यू वेव्ह रुंद किंवा खोल असतील किंवा डाव्या कप्प्याकडे जाणारी विद्युत वाट पूर्ण अडलेली, म्हणजे संपूर्ण लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक असेल, तरीही तेच.

याचं कारण सरळ आहे. व्यायामाने स्नायूपेशी जाड होतात, पण एकमेकींना समांतर, नीट ओळीत राहतात आणि त्यांच्यामधली जागा तशीच राहते. विद्युत प्रवाह ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत फिरतो. एचसीएममध्ये पेशींची मांडणीच विस्कटते, मध्ये फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखा ताठर धागा, भरतो आणि विद्युत परतीचा प्रवास बिघडतो. टी वेव्ह हा त्या परतीच्या प्रवासाचाच आलेख आहे. त्यामुळे भिंत जाड होण्याच्या कितीतरी आधी, कधी कधी काही वर्षं आधी, पट्टी बोलू लागते. इटलीत डॉक्टरांनी खोल उलट्या टी वेव्ह असलेल्या पण इकोत हृदय नॉर्मल दिसणाऱ्या ८१ खेळाडूंचा पाठपुरावा केला होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुढच्या काही वर्षांत पाच जणांत कार्डिओमायोपॅथी उघड झाली. सोळातला एक. बहुतेकांना काही झालं नाही, हे त्या आकड्यातच आहे; पण 'इको नॉर्मल आहे, जा' असं सांगून फाइल बंद करता येत नाही, हेही त्यातच आहे.

आता इको. १३ मिमी हा आकडा आला कुठून, हे आधी विचारायचं. सेप्टम म्हणजे दोन खालच्या कप्प्यांमधला पडदा. त्याच्या उजव्या बाजूला मॉडरेटर बँड आणि बारीक स्नायूदोर चिकटलेले असतात. कर्सर त्यांच्या बाहेरून ठेवला तर ११ मिमीचा पडदा सहज १३ मिमी होतो. बीम तिरका पडला तरी तेच होतं. दुसरं मत द्यायला माझ्याकडे आलेल्या इकोंमध्ये मी आधी मूळ क्लिप मागवतो आणि पडदा लांब अक्षातून व आडव्या छेदातून, दोन्हीकडून पुन्हा मोजतो. दोन मापं जुळली तरच आकडा खरा धरतो. 'भिंत जाड' असा शेरा मारलेल्या रिपोर्टांपैकी काहींचा निकाल इथेच लागतो.

समजा तुमचे १३ मिमी खरे निघाले. पुरुषांत १२ मिमीपर्यंत बहुतेक वेळा प्रश्न येत नाही, आणि दुसरं काही कारण नसताना १५ मिमी किंवा जास्त जाडी असेल तर एचसीएमचं निदान समोर उभं राहतं. १३ आणि १४ हा मधला धूसर पट्टा. या पट्ट्यात जाडीकडे एकटं बघून काहीच कळत नाही. तिच्यासोबत कप्पा किती मोठा आहे, हे बघायचं.

सायकलिंग, रोइंग, लांब पल्ल्याचं धावणं यांत हृदयाला तासन्‌तास जास्त रक्त फिरवावं लागतं. त्यामुळे कप्पा आतून मोठा होतो, आणि मोठ्या कप्प्याच्या भिंतीवरचा ताण सांभाळायला भिंतही थोडी जाड होते. दोन्ही एकत्र वाढतात. एचसीएममध्ये भिंत आतल्या बाजूला सुजल्यासारखी वाढते आणि कप्प्याची जागा खाते. म्हणून भिंत १३-१४ मिमी आणि कप्पा ५५ मिमीच्या वर, असं चित्र असेल तर कौल खेळाडूच्या हृदयाला. तेवढीच भिंत आणि कप्पा ४५ मिमीच्या आत, तर आजाराला. तुमचा ५८ आहे. इटलीतल्याच १९९१ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ९४७ अव्वल खेळाडूंची हृदयं मोजली होती. १३ मिमी किंवा जास्त भिंत फक्त सोळा जणांची निघाली. त्यातले पंधरा रोइंग किंवा कनूइंगवाले आणि एक सायकलपटू, आणि सोळाही जणांचा कप्पा मोठा होता. सर्वांत जाड भिंत १६ मिमी होती. यातून दोन गोष्टी कळतात. तुमची जाडी सायकलपटूंत अशक्य नाही, पण रोजची गोष्टही नाही. आणि हीच जाडी वेटलिफ्टर, गोलंदाज किंवा आठवड्याला चार तास जॉगिंग करणाऱ्याच्या हृदयात सापडली तर मी ती सरावाच्या खात्यावर टाकणार नाही. नुसतं वजन उचलून भिंत १२ च्या पुढे क्वचितच जाते, हे जिममधल्या बऱ्याच जणांना पटत नाही. तिथे मी रक्तदाब बघतो आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं घेता का, हे खोली रिकामी करून विचारतो. बायकांमध्ये तर १३ मिमी हा आकडा क्वचितच सरावाचा असतो. ११ च्या पुढे गेला तरी मी थांबून बघतो.

ईएफ ५२ टक्के वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, कारण रिपोर्टवर ५५ ते ७० ही नेहमीची मर्यादा छापलेली असते. ईएफ म्हणजे कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर गेलं. हिशेब करून बघू. सर्वसाधारण माणसाच्या कप्प्यात १२० मिली रक्त मावतं असं धरा. ६२ टक्के म्हणजे एका ठोक्यात सुमारे ७४ मिली, मिनिटाला ६२ ठोके, एकूण साडेचार लिटरच्या जरा वर. तुमच्या मोठ्या कप्प्यात १८० मिली मावतं असं धरा. ५२ टक्के म्हणजे ९४ मिली, नाडी ४८, एकूण साडेचार लिटर. काम तेवढंच झालं. बसल्या जागी तुमच्या हृदयाला याहून जोरात पिळून निघायची गरजच नाही. खरी परीक्षा श्रमात होते. सायकलवर बसवून इको करायचा. निरोगी खेळाडूचा ईएफ श्रमाबरोबर निदान दहा टक्क्यांनी चढतो, ५२ वरून ६५ च्या पुढे जाताना दिसतो. कप्पा ताणून फुगवणाऱ्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतला थकलेला स्नायू तिथेच अडून राहतो. कप्पा मोठा आणि ईएफ पन्नाशीच्या काठावर असलेल्या प्रत्येक खेळाडूत मी ही तपासणी करतो, तुम्हीही करून घ्या.

इकोमधली तिसरी गोष्ट जाडी आणि मापांपेक्षा जास्त बोलकी असते, पण रिपोर्टात ती एका ओळीत दडलेली असते: टिश्यू डॉप्लर. स्नायू सैल पडताना किती वेगाने हलतो, ते यात मोजतात. रिपोर्टवर ते ई-प्राइम म्हणून येतं. तरुण सायकलपटूचं हृदय चटकन सैल पडतं आणि रक्त आत ओढून घेतं; बाजूच्या भिंतीचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटरच्या बराच वर असतो. एचसीएमचा स्नायू ताठर, तो वेग ८ च्या खाली आलेला दिसला तर भिंत ११ मिमी असली तरी मी सावध होतो. डावा वरचा कप्पा मोठा असणं मात्र निर्णायक नाही, तो दोन्हीकडे मोठा होतो.

आकडा एकटा वाचला तर कसा फसवतो, हे दाखवायला तुमच्या शेजारी दुसरा एक पेशंट ठेवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. चोविशीतला मध्यम अंतराचा धावपटू, आठवड्याला नऊ-दहा तास सराव, त्रास शून्य. त्याच्या इकोचा रिपोर्ट तुमच्यापेक्षा देखणा होता: सेप्टम ११ मिमी, कप्पा ४९ मिमी, ईएफ ६६ टक्के, शेवटी 'नॉर्मल स्टडी'. हाच रिपोर्ट घेऊन तो आला होता, कारण संघाच्या डॉक्टरांनी पट्टी बघून त्याला थांबवलं होतं. पट्टीत व्ही४ ते व्ही६ मध्ये टी वेव्ह उलट्या, व्ही५ मध्ये तर चार मिमी खोल. लाटा उंच होत्याच. एसटी सेगमेंट किंचित खाली.

मी इको स्वतः पुन्हा केला. पडदा खरंच ११ मिमीच होता. पण नेहमीच्या खिडकीतून हृदयाचं टोक, म्हणजे एपेक्स, नीट दिसत नाही. तिथे फुप्फुस आड येतं आणि बीम टोकाला चाटून जातो, त्यामुळे टोक छाटल्यासारखं भासतं. आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचं टोक पूर्ण मिटून इस्पिकच्या पानासारखा टोकदार आकार उरत होता, एवढा इशारा मिळाला. टोकाजवळच्या भिंतीचा ई-प्राइमही कमी होता. एमआरआय केला. त्यात टोकाची भिंत १८ मिमी निघाली आणि गॅडोलिनियम हे औषध शिरेतून दिल्यावर त्याच जागी स्नायूत पांढरे ठिपके उमटले, म्हणजे फायब्रोसिस. एपिकल प्रकारचा एचसीएम. सेप्टम मोजून हा आजार कधीच सापडला नसता, कारण तो सेप्टममध्ये नव्हताच.

तुमचा १३ आणि त्याचा ११ समोरासमोर ठेवा. जाड भिंतीच्या माणसाची बाकी सगळी मापं एकमेकांशी जुळतात: मोठा कप्पा, मंद नाडी, आठवड्याचे बारा तास. पातळ भिंतीच्या माणसाच्या पट्टीचा त्याच्या इकोशी मेळ बसत नव्हता. असा मेळ बसत नसेल तर पट्टी खोटी ठरवायची नाही, इको अपुरा समजायचा आणि एमआरआयकडे जायचं.

एमआरआय वाचतानाही एक खबरदारी लागते. उजव्या कप्प्याची भिंत जिथे सेप्टमला जोडली जाते, त्या सांध्यावर बारीकसा पांढरा ठिपका वर्षानुवर्षं सराव केलेल्या खेळाडूंत पुष्कळदा दिसतो. तेवढ्यावरून आजाराचं निदान करू नये. भिंतीच्या मध्यात पसरलेला, टोकाशी किंवा बाजूच्या भिंतीत बाहेरच्या कडेने गेलेला पट्टा मात्र गंभीर. बाजूच्या भिंतीतला पट्टा हृदयाच्या स्नायूला पूर्वी आलेल्या सुजेचा, म्हणजे जुन्या मायोकार्डायटिसचाही असू शकतो.

एवढं करूनही काहीजण अधांतरी राहतात: भिंत १४, कप्पा ५२, टी वेव्ह सरळ, डॉप्लर बरा. अशांना मी आधी श्रमचाचणीत श्वासाचं माप घ्यायला पाठवतो. किलोमागे मिनिटाला ५० मिलीपेक्षा जास्त ऑक्सिजन वापरणारं हृदय ताठर असण्याची शक्यता कमी. मग आई-वडील, भाऊ-बहिणींचे ईसीजी आणि इको मागवतो, कारण एचसीएम घराण्यात चालतो. जनुकचाचणी शेवटी, आणि ती काय सांगू शकत नाही हे आधीच समजावून: आजार खरा असलेल्या बऱ्याच पेशंटांतही दोषी जनुक सापडत नाही, त्यामुळे निगेटिव्ह चाचणी म्हणजे सुटका नव्हे.

त्यानंतर उरतो तो सराव थांबवून बघण्याचा उपाय, डीट्रेनिंग. तीन महिने सायकल पूर्ण बंद आणि पुन्हा तीच मापं. सरावाने वाढलेला स्नायू सराव सुटला की उतरतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत ऑलिंपिक दर्जाच्या सहा रोइंगपटूंची भिंत सराव सुटल्यावर २ ते ५ मिमीने कमी झाली होती. आजाराची जाडी अशी उतरत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण यात घोळ खूप होतात. तीन महिन्यांत 'फक्त सकाळी थोडं पळतो' म्हणणारा पेशंट चाचणी वाया घालवतो. दुसरा इको दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या माणसाने केला तर दोन मोजमापांतला एक-दीड मिमीचा फरक निव्वळ हाताचा असू शकतो, म्हणून शक्यतो दोन्ही वेळा एमआरआयनेच मोजावं. व्यावसायिक खेळाडूचा तर हंगामच जातो. तुमच्या बाबतीत टी वेव्ह सरळ निघाल्या तर मी हा उपाय सुचवणारच नाही.

इथवर डाव्या कप्प्याबद्दलच बोललो, पण सायकलपटूंचा उजवा कप्पाही फुगतो. तो एकसारखा फुगला असेल आणि नीट आकुंचन पावत असेल तर सरावाचा. भिंतीचा एखादाच तुकडा बाहेर फुगत असेल किंवा हलत नसेल, सोबत व्ही३-व्ही४ पर्यंत उलट्या टी वेव्ह असतील आणि त्यांच्या आधी एसटी सेगमेंट उचललेला नसेल, तर एआरव्हीसी या मुख्यतः उजव्या कप्प्याचा स्नायू झिजवणाऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. तो आजार सरावाने झपाट्याने वाढतो, त्यामुळे तिथे निदान होईपर्यंत थांबवणंच योग्य. दहा सेकंदांच्या पट्टीत दोन किंवा जास्त जादा ठोके दिसले तर चोवीस तास ईसीजी नोंदवणारा होल्टर लावावा, आणि त्या चोवीस तासांत नेहमीच्या जोराने सायकल मारावी. होल्टर लावला म्हणून दिवसभर आराम करणारे पेशंट बरेच भेटतात. त्या नोंदीचा मला उपयोग नसतो. श्रम वाढल्यावर गायब होणारे जादा ठोके बहुधा निरुपद्रवी, श्रमात वाढणारे तसे नव्हेत.

आणि एक गोष्ट या सगळ्या मापांच्या वर आहे. सायकल मारता मारता, जोर लावलेला असताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर वर लिहिलेल्या सवलती रद्द समजा. शर्यत संपवून थांबल्यावर, उभ्या उभ्या चक्कर येणं वेगळं. तिथे पायांत रक्त साचतं आणि दाब पडतो, ते बहुधा साधं असतं. चालू श्रमात कोसळणं साधं नसतं. त्रास नाही असं तुम्ही लिहिलंय, पण घरातल्या मृत्यूंबद्दल लिहिलं नाही. आई-वडिलांना नीट विचारा. 'बुडून गेला', 'झोपेत गेला', 'गाडी झाडावर आदळली' अशा नोंदींमागेही कधी हृदय असतं.

तर तुमच्यापुरतं असं करा. पट्टी चांगल्या ठिकाणी पुन्हा काढून घ्या, इलेक्ट्रोडच्या जागा मोजून. व्ही५-व्ही६ सरळ, एसटी जागेवर आणि क्यू वेव्ह नाहीत असं दिसलं, इकोतला पडदा दोन छेदांतून पुन्हा मोजला, ई-प्राइम चांगला निघाला आणि सायकलवर ईएफ चढला, तर सराव चालू ठेवायला माझी हरकत नाही. वर्षाने ईसीजी आणि इको, शक्यतो त्याच ठिकाणी. यातलं एक जरी वेगळं निघालं तर गॅडोलिनियमसह एमआरआय, आणि तो होईपर्यंत शर्यती व जोराचे सराव बंद; सपाट रस्त्यावर गप्पा मारता येतील इतक्या वेगाने फिरणं चालेल.

आणि समजा आजार निघालाच, तरी 'आयुष्यभर खेळ बंद' हे आता आपोआप ठरत नाही. पूर्वी एचसीएम म्हटलं की सरसकट बंदी असे. अलीकडच्या युरोपीय आणि अमेरिकी मार्गदर्शक सूचना धोका नीट मोजून, दरवर्षी तपासून आणि पेशंटशी बोलून काही जणांना खेळायची मुभा देतात. भिंत किती जाड, फायब्रोसिस किती, होल्टरवर खालच्या कप्प्यांतून उठणारी वेगवान लय, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, आहे का, कप्प्यातून रक्त बाहेर पडायला अडथळा होतो का, कधी शुद्ध हरपली होती का, घराण्यात काय घडलं, यावर ते ठरतं. हा निर्णय एचसीएमचे पेशंट नियमित बघणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

तुमचं वय ३१ आहे म्हणून एवढा वेळ कार्डिओमायोपॅथीवरच घालवला. हाच प्रश्न पंचेचाळिशीतल्या सायकलपटूने विचारला असता तर मी आधी कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब आणि तंबाखूबद्दल विचारलं असतं. पस्तिशीनंतर खेळताना अचानक मृत्यू येण्यामागे बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतले अडथळे असतात, आणि ते विश्रांतीच्या ईसीजीत आणि इकोत अजिबात न दिसता राहू शकतात.